साक्ष दोनदा होते

"चार्जशीट दाखल झालं" असा निरोप आला, तेव्हा आई माझ्याकडे पूर्णेला आली होती. चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. हात थांबला आणि तिनं विचारलं, "म्हंजी फाशी का गं?"

मला तरी काय माहीत! सातवी शिकलेली मी, नवरा रेल्वेत, घरात कुणी कधी कोर्टाचा उंबरा पाहिलेला नाही. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. म्हणणाऱ्याचं काय जातं? आम्हांला कुणी विचारून का चढवलं होतं?

झालं होतं ते एवढंच. आमची आणि चुलत्याची विहीर एक, मोटेच्या पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला. पाळी कुणाची यावरून माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे दादाची, आणि चुलतभावाची पाटावर जुंपली. चुलतभाऊ दादाहून मोठा, लहानपणी त्यानं दादाला खांद्यावर घेऊन फिरवलेलं. दादानं काठी घातली ती डोक्यात बसली, आणि संध्याकाळच्या आत चुलतभाऊ गेला. दादा पळाला नाही. पाटाच्या कडेला बसून राहिला, पोलीस येईपर्यंत. तेव्हापासून तो परभणीच्या जेलात होता.

तर आम्ही दोघी गाडीनं परभणीला गेलो, वकीलसाहेबांकडे. वकीलसाहेब निजामाच्या काळात उर्दूत वकिली करून म्हातारे झालेले. आमचं हैद्राबाद मोडून नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं, त्यामुळं बिचाऱ्यांची जीभ अर्धी इकडे, अर्धी तिकडे. आरोपीला मुलजिम म्हणायचे, तारखेला पेशी. माणूस भला होता. पण माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही. तो का, ते पुढं येईलच.

"माय, आधी रडणं थांबवा आन् ऐका," ते आईला म्हणाले. "चार्जशीट म्हणजे शिक्षा न्हाई. चार्जशीट म्हणजे पोलिसांचं म्हणणं. आमी तपास केला, आमाला असं वाटतं, हे आमचे गवाह, हा पंचनामा, हा डॉक्टरचा कागद. एवढंच. त्यांचं म्हणणं खरं का खोटं, ते कोर्टानं ठरवायचं अजून."

"मंग लेकरू घरी कवा येतंय?"

"खुनाचं कलम लावलंय माय. जामीन मिळणं मुश्कील. आता ह्या सगळ्या कागदांच्या नकला आपल्याला फुकट मिळतील, तो हक्क हाय आपला. मग खालच्या मॅजिस्ट्रेटपुढं पेशी. खालचा मॅजिस्ट्रेट खुनाचा निकाल देत न्हाई. तो फक्त बघतो, वर पाठवण्यासारखं काही हाय का. ज्यांनी डोळ्यानं पाह्यलं त्यांच्या साक्षी घेतो, आणि केस सेशन जजकडे पाठवतो. त्याला कमिट करणं म्हणतात. खरा खटला वर."

आई मान डोलवत होती. मला तेव्हा वाटलं, तिला कळतंय. आता वाटतं, ती फक्त आवाज ऐकत होती. दुखणाईताच्या घरचं माणूस वैद्याचा आवाज ऐकतं तसं.

मग त्यांनी मुख्य गोष्ट सांगितली. आमचा सगळा जीव त्या एका गोष्टीत अडकलेला होता, म्हणून ती मला शब्दन् शब्द आठवते.

"काठी तुमच्या पोरानं मारली, हे तोच कबूल करतो. तो म्हणतो, भावानं आधी फावडं उगारलं, वार चुकवला, आन् बांधावरची काठी उचलून घातली. पोलीस म्हणतात, हा घरूनच काठी घेऊन आला होता, मारायच्या इराद्यानं. आता फावडं आधी उगारलं हे कोर्टाला पटलं, तर खून ठरत न्हाई. लई झालं तर काही वर्षं आत जाईल, जवानीतच घरी येईल. न्हाई पटलं, तर खून. आन् खुनाला शिक्षा दोनच. फाशी, न्हाईतर जन्मठेप."

"फावडं उगारल्यालं कुणी पाह्यलं?" मी विचारलं.

कागद चाळून ते म्हणाले, "तिथं दोघंच होते. एक त्यांचा सालगडी, तो म्हणतो काठी घेऊनच आला. आणि दुसरी मयताची बायको."

म्हणजे आमची वैनी. चुलतभावाची बायको. माझ्या बरोबरीची. आमच्या दारावरून तिचं दार दिसायचं. आमच्यातली ती तेवढीच होती जिनं सगळं पाहिलं होतं, आणि तिच्याच कपाळाचं कुंकू आमच्या दादानं पुसलं होतं. तिच्याकडून काय आशा धरायची?

निघताना वकीलसाहेबांनी बोट उचलून बजावलं, "साक्षीदाराच्या दारात पाऊल टाकायचं न्हाई. बोलायचं न्हाई, निरोप धाडायचा न्हाई. समजलं माय?"

"समजलं," आई म्हणाली.

श्रावणात खालच्या कोर्टात पेशी झाली. दादाला बेड्या घालून आणलं. आईनं डब्यात धपाटी आणलेली, शिपाई देऊ देईना. मी त्याच्याशी तोंड वाजवलं, तेव्हा कुठं दोन घास पोटात गेले त्याच्या. दाढी वाढलेली, गाल बसलेले. आमच्याकडं बघेचना तो.

वैनी पांढऱ्या कपाळानं पुढं आली. शपथ घेतली. पोलिसांच्या वकिलानं विचारलं, काय पाहिलं. ती म्हणाली, "पाण्यावरून बोलाचाली झाली. भावजींनी काठी घातली. मालक खाली पडले." एवढंच. तिनं जे म्हटलं ते मॅजिस्ट्रेटनं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, तिनं अंगठा दिला.

मग मॅजिस्ट्रेटनं आमच्या वकीलसाहेबांकडं पाहिलं. त्यांना प्रश्न विचारायचा हक्क होता. ते उठले आणि म्हणाले, "उलटतपास वरच्या कोर्टासाठी राखून ठेवतो." आणि बसले!

बाहेर आल्यावर मी विचारलं, अहो, फावड्याचं का नाही विचारलं? ते हसले. "पोरी, पत्ते आत्ताच उघडले तर समोरचा सावध होतो. सगळे वकील असंच करतात. वर विचारू." सगळे करतात! सगळे विहिरीत उड्या टाकतात म्हणून... जाऊ दे. पण मी मरेपर्यंत म्हणेन, त्या दिवशी ते एक वाक्य विचारलं असतं, तर पुढचं घडलं नसतं.

केस कमिट झाली. म्हणजे वर गेली. आई माझ्याबरोबर स्टेशनापर्यंत चालत आली. वाटेत एकाएकी म्हणाली, "पोरीनं खोटं न्हाई सांगितलं गं. एक शब्द वाढवून न्हाई सांगितला." मी म्हटलं, हो. आई गावाला गेली, मी पूर्णेला.

आता आमच्याकडची रीत सांगायला पाहिजे. घरात माणूस गेलं की त्या घरी गोडाची कढई चढत नाही. पहिला मोठा सण आला की भाऊकीतल्या थोरल्या घरच्या बाईनं ताट न्यायचं, आणि घरधनिणीला आपल्या हातानं घास भरवायचा. ह्याला दुःख मोडणं म्हणतात. तो घास पोटात गेल्याशिवाय त्या घरात पुढं कुठलाच सण होत नाही. पोरंबाळं पण तशीच कोरडी राहतात. आणि चुलत्याच्या घराला भाऊकीतलं थोरलं घर कोणतं? आमचंच.

पोळा आला. बैल सजले, वाजत गेले. वैनीच्या घरी दोन लेकरं दारात बसून बघत होती, बैलांच्या शिंगांना रंगसुद्धा लावलेला नव्हता. आईनं ते आमच्या ओट्यावरून पाहिलं. आत गेली, पुरण शिजवलं, पोळ्या लाटल्या, ताटावर फडकं झाकलं, आणि भर गावातून, सगळ्यांच्या देखत, ताट घेऊन वैनीच्या दारात गेली.

मला हे दिवाळीला कळलं. मी कपाळावर हात मारला. "अगं आई, वकीलसाहेबांनी काय सांगितलं होतं? साक्षीदाराच्या दारात जायचं नाही म्हणून!"

आई माझ्याकडं अशी बघायला लागली, की जणू मीच अडाणी आहे.

"साक्षीदार कुठं राह्यली ती आता? तिची साक्ष झाली की! तुझ्यादेखत झाली. अंगठा दिला. साक्ष होईस्तोवर मी तिच्या अंगणाकडं बघितलं बी न्हाई. झाल्यावर गेले."

वकीलसाहेबांनी सांगितलेलं तिनं पाळलं होतं, तिच्या समजुतीप्रमाणं अगदी काटेकोर पाळलं होतं. पंचांपुढं माणूस एकदा बोलतं. बोललं की संपलं. एकच साक्ष एकाच बाईनं दोन कोर्टांत दोनदा द्यायची असते, हे आईला कुणी सांगितलं होतं? वकीलसाहेब म्हणाले होते, "खरा खटला वर." तिला वाटलं, वर जजसाहेब खालचे कागद वाचणार आणि निकाल देणार.

"काय बोललात तुम्ही दोघी?" मी विचारलं.

"काय बोलणार? घास तोंडाशी नेला तर तिला गिळंना. मला बी भरवता येईना. दोघी बी रडलो लय वेळ. मंग खाल्लं तिनं. लेकरांनी खाल्लं." आणि पदरानं डोळे पुसून म्हणाली, "माझ्या पोराच्या हातनं तिचा संसार मोडला. मी न्हाई गेले तर कोन जाईल?"

वकीलसाहेबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढला. मग "या अल्ला" म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. ब्राह्मण माणूस, पण संकटात तोंडातून तेच यायचं.

सेशनचा खटला थंडीत सुरू झाला. पहिल्या दिवशी जजसाहेबांनी दादाला उभं करून आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?" आईनं माझा दंड गच्च धरला. तिला वाटलं, हाच निकाल. मी कानात सांगितलं, न्हाई आई, हे नुसतं विचारणं हाय. दादा म्हणाला, "खून केला न्हाई साहेब." ते लिहून घेतलं, आणि सरकारचे साक्षीदार एकेक करून सुरू झाले. आधी सरकारी वकील विचारणार, मग आमचे उलट विचारणार, असा क्रम. पंच आले. डॉक्टर आले, त्यांनी जखम सांगितली. आमच्या वकिलांनी त्यांना विचारलं, मुलजिमाच्या अंगावर फावड्याची काही खूण? डॉक्टर म्हणाले, काही नाही. वार चुकवलेला, खूण येणार कुठून? सालगड्यानं आपलं सांगितलं, काठी घेऊनच आला. आमच्या वकिलांनी त्याला घोळात घेतलं, पण तो हलला नाही.

दुसऱ्या दिवशी वैनी. सरकारी वकिलाला तिनं खालच्यासारखंच सांगितलं. मग आमचे वकीलसाहेब उठले, जरा थांबले आणि विचारलं, "बाई, काठी बसायच्या आधी तुमच्या मालकाच्या हातात काय होतं?"

"फावडं."

"ते फावडं कुठं होतं? खाली का वर?"

वैनीनं दादाकडं पाहिलं नाही, आमच्याकडंही नाही. हात जोडलेले तसेच. "वर व्हतं. मालकांनी आधी उगारलं. भावजी बाजूला झाले, आन् खाली पडलेली काठी उचलली."

आईचे डोळे भरून आले. मला वाटलं, उठून जावं आणि तिच्या पाया पडावं. वकीलसाहेब "बस" म्हणून खाली बसले, त्यांच्या तोंडावर पण उजेड आलेला दिसला. सुटलो, असं वाटलं मला. खरंच वाटलं.

तेवढ्यात सरकारी वकील उठला. म्हणाला, साक्षीदार फिरली आहे, आपल्याच साक्षीदाराला उलटे प्रश्न विचारायची परवानगी द्यावी. जजसाहेबांनी दिली.

"हे फावड्याचं पोलिसांना सांगितलं होतं?"

"न्हाई."

"खालच्या कोर्टात सांगितलं होतं?"

"न्हाई."

"का नाही?"

"मला कुनी इचारलंच न्हाई. जे इचारलं ते सांगितलं."

"पोळ्याच्या दिवशी आरोपीची आई तुमच्या घरी आली होती?"

हे त्याला कसं कळलं? सालगड्यानं सांगितलेलं, दुसरं कोण सांगणार!

"आली व्हती," वैनी म्हणाली.

"काय घेऊन?"

"पुरनाचं ताट."

"तुम्ही तिच्या हातानं खाल्लं?"

"खाल्लं. दुःख मोडायची रीत हाय साहेब. भाऊकीतल्या थोरल्या घरानंच मोडायचं असतं."

"तुमच्या नवऱ्याला मारणाऱ्याच्या आईच्या हातून? आणि साक्षीचं काय बोलणं झालं तेव्हा?"

"कसलं बोलणं साहेब? आमी रडलो."

मागं कुणीतरी हसलं. त्या हसणाऱ्याचं तोंड मी अजून विसरलेली नाही.

आमच्या वकीलसाहेबांनी रीत काय असते ते जजसाहेबांना सांगायचा प्रयत्न केला. सरकारी वकील म्हणाला, रीत असेल, पण वेळ बघा. खालच्या साक्षीत फावडं नाही. मध्ये पुरणाचं ताट. वरच्या साक्षीत फावडं. झालं! तीन वाक्यांत आईचा सगळा जीव त्यानं असा मांडला, की ऐकणाऱ्याला दुसरं काही वाटूच नये.

मग जजसाहेबांनी दादाला समोर उभं करून विचारलं, तुझ्याविरुद्ध असा असा पुरावा आलाय, तुला काय सांगायचंय? ह्या जबाबाला शपथ नसते, असं वकीलसाहेबांनी आधी समजावलेलं. दादानं खरं होतं ते सांगितलं. शेवटी न विचारता म्हणाला, "भाऊ व्हता साहेब माझा." आमच्या बाजूचा साक्षीदार कोण? आई म्हणाली, मला उभं करा, मी सांगते काय झालं ते. वकीलसाहेब म्हणाले, माय, तुम्ही जेवढं खरं बोलाल तेवढं त्याच्या गळ्याशी येईल. तिला उभं केलं नाही. दोन्हीकडची बहस झाली, आणि निकालाची तारीख पडली.

त्या तारखेला आई दादाचं धुतलेलं धोतर आणि सदरा घेऊन आली होती. सुटला तर घालून जाईल म्हणून. फडक्यात बांधून मांडीवर ठेवून बसलेली.

जजसाहेबांनी निकाल वाचला. नंतर वकीलसाहेबांनी आम्हांला तो फोडून सांगितला. वैनीची वरची साक्ष जजसाहेबांनी बाजूला ठेवली. खालच्या कोर्टात, कुणी भेटायच्या आधी दिलेली साक्ष खरी धरली. कायद्यात तशी सोय होती त्या वेळी. फावड्याची गोष्ट मागाहून जोडलेली आहे, असं म्हटलं. गुन्हा शाबित. खून. जन्मठेप.

आई मला विचारत होती, "काय म्हनले? काय म्हनले गं?" मी सांगितलं. ती कपड्यांचं गाठोडं घेऊन उठली आणि दादाला नेत होते तिकडं गेली. शिपायानं अडवलं नाही ह्या वेळी. दादा म्हणाला, "आई, तू गेलीस ते चांगलं केलंस." म्हणजे त्याला सगळं कळलं होतं, आणि तरी तो तसं म्हणाला. माझा दादा!

वकीलसाहेब म्हणाले, इथं संपत नाही, वर अपील आहे. केलं. तिथंही तेच कायम राहिलं.

पुढच्या पोळ्याला मी गावाला होते, आईजवळ. आमच्या घरी चूल थंड. दुपारी दारात वैनी उभी, हातात फडकं झाकलेलं ताट. म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या घरी बी दुःखच हाय."

आई ताडकन उठली. "दुःख मेल्याचं मोडत्यात पोरी. माझा जिता हाय. मी हे खाल्लं तर तो मेला का?"

वैनी दारातच खाली बसली. ताट मांडीवर. जाईना. आई थोड्या वेळानं तिच्याजवळ गेली, ताटातली पोळी तोडली, आणि वैनीलाच भरवली. स्वतः खाल्ली नाही. तो येईपर्यंत पुरण तोंडाला लावणार नाही म्हणाली, आणि लावलं नाही.

दादा सुटून आला तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते, आणि आई जाऊन चार पावसाळे लोटले होते. तिच्या नंतरचा पहिला सण आमच्या घरी कुणी केलाच नव्हता, कारण घरधनीण उरली नव्हती, आणि तिच्या जागी ज्याला घास भरवायचा तोच आत होता. त्या पोळ्याला दादा ओट्यावर बसला होता. वैनी आली. तीही म्हातारी झालेली, भाऊकीत आता तीच थोरली. हातात ताट.

"भावजी, आत्याबाईचं दुःख मोडायचं राह्यलंय," ती म्हणाली.

दादानं मान खाली घातली. तिनं घास पुढं धरला आणि धरूनच राहिली. मग दादानं तोंड उघडलं.